कमाई, नफा, मार्जिन, वाढावा: उरतं सगळ्यातच, पण आकडा प्रत्येकाचा वेगळा

प्रश्न: वार्षिक अहवालाचा मसुदा लिहिताना तोच तोच शब्द येऊ नये म्हणून मी कुठे कमाई, कुठे नफा, कुठे मार्जिन, तर कुठे वाढावा (सरप्लस) असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे लाल खुणा करून मसुदा परत पाठवला. शेवटी या सगळ्याचा अर्थ खर्च जाऊन उरलेले पैसे असाच ना? मग बिघडलं कुठे?

उत्तर:

उरतं हे खरं. पण कशातून उरलं, कोणाकोणाचं देऊन उरलं आणि कोणासाठी उरलं, याची उत्तरं या चारही शब्दांना वेगवेगळी आहेत. शब्द बदलला की वाचणारा दुसऱ्या ओळीवरचा आकडा शोधायला जातो आणि तुम्ही दिलेला आकडा तिथे सापडत नाही. व्याख्या वाचून हे पटत नाही, म्हणून एका कंपनीचं एक वर्ष मांडतो. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत आणि सगळे लाखांत आहेत.

कंपनीचा वर्षाचा महसूल १०,०००. विकलेल्या मालाची किंमत ६,२००, म्हणजे ढोबळ नफा ३,८००. विक्री, प्रशासन आणि घसारा मिळून २,३०० गेले (त्यात घसारा ४००), म्हणजे कार्यकारी नफा १,५००. व्याज ३०० गेलं, करपूर्व नफा १,२०० राहिला. करही ३००, म्हणून वर्षाचा निव्वळ नफा ९००.

एवढ्यातच नफा चार वेळा आला आणि चारही वेळा आकडा निराळा. तुम्ही मसुद्यात नुसतं 'नफा' लिहिलंत तर वाचणारा शेवटची ओळ धरतो, म्हणजे ९००. अध्यक्षांच्या निवेदनात 'यंदा १,५०० लाखांचा नफा' आणि नफातोटा पत्रकात तळाला ९०० अशी विसंगती होते ती याच कारणाने. कोणी खोटं बोललेलं नसतं, फक्त 'कार्यकारी' हे विशेषण गळलेलं असतं. म्हणून नफा हा शब्द विशेषणाशिवाय लिहायचाच असेल तर तो एकाच ओळीसाठी राखून ठेवा आणि ती ओळ निव्वळ नफ्याची असू द्या.

आता कमाई. प्रति शेअर कमाई, म्हणजे ईपीएस, काढायची आहे. घाईत लोक निव्वळ नफा घेतात आणि शेअर्सच्या संख्येने भागतात. पण ईपीएसमधली कमाई ९०० नाही. या मुद्द्यावर आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस ३३ अगदी स्पष्ट आहे: मूळ कंपनीच्या साध्या समभागधारकांच्या वाट्याला येणारा नफा तेवढाच घ्यायचा. आपल्या कंपनीची एक उपकंपनी आहे आणि तिच्यात कंपनीचा हिस्सा ८० टक्के आहे. उपकंपनीचा वर्षाचा नफा २५०. एकत्रित पत्रकात तो सगळा २५० धरलेला असतो, पण त्यातले ५० बाहेरच्या अल्पसंख्य भागधारकांचे आहेत. ते वजा केले की ८५० उरतात. शिवाय कंपनीने संचयी अग्रहक्क भाग दिलेले आहेत आणि त्यांचा वर्षाचा लाभांश ७० आहे. तोही जाऊन साध्या समभागधारकांसाठी ७८० राहिले. ईपीएसमधली कमाई ती ही.

इथे दोन ठिकाणी हमखास चूक होते. संचयी अग्रहक्क भागांचा त्या वर्षाचा लाभांश जाहीर झालेला नसला तरी वजा करावा लागतो. 'दिलाच नाही, मग वजा का करायचा' असं म्हणून ७० तसेच ठेवले की कमाई फुगते, कारण तो हक्क पुढच्या वर्षावर साचलेला असतो. उलट बाजूची चूकही होते. काही अग्रहक्क भागांच्या अटी अशा असतात की हिशेबात ते कर्ज म्हणून धरावे लागतात. त्यांचा लाभांश आधीच व्याजखर्चात गेलेला असतो. तो पुन्हा कमाईतून काढला तर एकच रक्कम दोनदा वजा होते. म्हणून आधी ताळेबंदात ते भाग भांडवलाखाली आहेत की देण्यांखाली, एवढं पाहून घ्या.

भाजकही तपासा. वर्षाच्या सुरुवातीला १०० लाख समभाग होते आणि बरोबर अर्ध्या वर्षाने आणखी २० लाख विकले गेले. नवे भाग सहाच महिने होते, म्हणून ते १० लाख धरायचे. भारित सरासरी ११० लाख. ७८० भागिले ११० म्हणजे ७.०९. हीच ईपीएस '९०० लाख नफा' धरून काढली तर ८.१८ येते, खऱ्यापेक्षा पंधरा टक्क्यांनी जास्त. आणि शेअरच्या भावाला ईपीएसने भागूनच लोक शेअर स्वस्त की महाग ते ठरवतात. तुम्ही भाषेची लज्जत म्हणून बदललेला शब्द तिथे थेट किमतीपर्यंत पोहोचतो.

कमाई या शब्दाची अडचण एवढ्यावर संपत नाही. बोलताना आपण महसुलालाही कमाईच म्हणतो. 'कंपनीने वर्षात १०,००० लाख कमावले' हे वाक्य बातमीत सहज येतं आणि अहवालात आलं की ७८०चे १०,००० होतात. अहवालात महसुलाला महसूलच म्हणा.

मग 'एबिटडा'चं काय? त्या नावातही कमाईच आहे: व्याज, कर, घसारा आणि अमूर्त मालमत्तेचं निर्लेखन वजा करण्यापूर्वीची कमाई. ही कमाई मात्र समभागधारकांची नव्हे. निव्वळ नफ्यापासून उलटं चढत जायचं: ९०० मध्ये कर ३००, व्याज ३०० आणि घसारा ४०० मिळवले की १,९००. अल्पसंख्य भागधारकांचे ५० आणि अग्रहक्काचे ७० इथे वजा करायचे नाहीत, कारण धनको, सरकार आणि सगळे भागधारक यांच्यात वाटणी होण्याच्या आधीची ही रक्कम आहे. म्हणजे एकाच अहवालात कमाई म्हणून ७८० आणि कमाई म्हणूनच १,९०० येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असतात, फक्त पूर्ण नावानिशी.

कंपनीने त्या वर्षी पुनर्रचनेवर १२० खर्च केले असतील आणि 'हा काही नेहमीचा खर्च नाही' म्हणून व्यवस्थापनाने तेही परत मिळवून २,०२० दाखवले, तर त्याला एबिटडा म्हणता येत नाही. अमेरिकी रोखे आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी दिलेल्या खुलाशात हे सरळ सांगितलं आहे: या नावातली कमाई म्हणजे निव्वळ उत्पन्न आणि नावात नसलेली कुठलीही दुरुस्ती केली तर नावापुढे 'समायोजित' लावा. आयएफआरएस १८ हे नवं आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०२७ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होतं. त्यात कार्यकारी नफ्याची ओळ पहिल्यांदाच बांधून दिली आहे. व्यवस्थापनाने स्वतः ठरवलेलं मोजमाप बाहेर सांगायचं असेल, तर ते मानकातल्या जवळच्या बेरजेशी कसं जुळतं हे टिपेत मांडावं लागेल. त्याआधीच्या आयएएस १ मध्ये कार्यकारी नफ्याची व्याख्याच नव्हती, त्यामुळे दोन कंपन्यांचे कार्यकारी नफे शेजारी ठेवून तुलना करणं बरंच धाडसाचं होतं.

मार्जिनचं प्रकरण वेगळ्याच जातीचं आहे. नफा आणि कमाई या रकमा आहेत, मार्जिन हे बहुतेक वेळा गुणोत्तर असतं. आपल्या कंपनीचं निव्वळ मार्जिन ९ टक्के, कार्यकारी १५ टक्के, ढोबळ ३८ टक्के. आधीच्या वर्षी महसूल ८,००० आणि निव्वळ नफा ८०० होता असं धरू. म्हणजे निव्वळ मार्जिन १० टक्के. यंदा नफा ८०० वरून ९०० झाला आणि मार्जिन १० वरून ९ वर आलं. 'नफा वाढला' आणि 'मार्जिन घटलं' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. शब्दाची पुनरुक्ती टाळायला 'मार्जिन वाढलं' लिहिलंत की वाक्य थेट खोटं होतं. लाल खुणांमधल्या सगळ्यात ठळक खुणा बहुधा इथेच झाल्या असतील.

घट सांगतानाही सांभाळा. १० वरून ९ म्हणजे एक टक्काबिंदूची घट. १० चे ९ झाले म्हणून कोणी 'दहा टक्के घट' लिहितो, कोणी 'एक टक्का'. पहिलं गणिताने चुकीचं नाही, पण वाचणाऱ्याची फसगत करतं, आणि दुसरं अर्धवट आहे. 'टक्काबिंदू' असंच लिहावं.

मार्जिनची सरासरीही सरळ काढता येत नाही. कंपनीचे दोन विभाग आहेत. एकाचा महसूल २,००० आणि कार्यकारी नफा ६००, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्याचा महसूल ८,००० आणि नफा ९००, म्हणजे सव्वाअकरा टक्के. दोन्ही टक्के मिळवून निम्मे केले तर वीस टक्क्यांच्या वर जातात. खरं मार्जिन मात्र १,५०० भागिले १०,०००, म्हणजे पंधराच. विभागांचे नफे बेरजेला चालतात, मार्जिनं चालत नाहीत. विभागवार तक्त्याच्या तळाशी 'एकूण' या ओळीत टक्क्यांची सरासरी ओढून टाकलेली दिसली, तर तो तक्ता ज्याने केला त्याने मार्जिनला रक्कम समजलं आहे हे लगेच ओळखता येतं.

छेद कोणता, हेही विचारायला हवं. ढोबळ नफा ३,८०० हा विक्रीच्या ३८ टक्के आहे, पण खर्चाच्या ६१ टक्क्यांहून जास्त. पहिलं मार्जिन, दुसरं खर्चावर चढवलेली वाढ. विक्री विभाग दुसरं सांगतो, लेखा विभाग पहिलं मोजतो आणि मसुदा लिहिणाऱ्याच्या हाती दोन्ही 'मार्जिन' म्हणूनच येतात. बँकांच्या निव्वळ व्याज मार्जिनमध्ये तर छेदात महसूलच नसतो, व्याज मिळवून देणाऱ्या मालमत्तेची सरासरी असते. उद्योगाचं ९ टक्के आणि बँकेचं ३ टक्के समोरासमोर ठेवून बँक वाईट चालली आहे म्हणणं व्यर्थ आहे. अंतर्गत व्यय-लेखांकनात विक्रीतून बदलता खर्च वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेलाही योगदान मार्जिन म्हणतात. तिथे मार्जिन रक्कम असतं. म्हणून मी वर 'बहुतेक वेळा' म्हटलं.

आता वाढावा. हा शब्द सगळ्यात निरुपद्रवी दिसतो आणि सगळ्यात जास्त घोळ घालतो, कारण तो दोन अगदी वेगळ्या ठिकाणी वापरला जातो.

पहिलं ठिकाण आपल्या कंपनीच्याच ताळेबंदात आहे. कंपनीकडे ६०० ला घेतलेली जमीन होती. पुनर्मूल्यांकनात तिचं मूल्य १,००० ठरलं. वाढलेले ४०० नफातोटा पत्रकात येत नाहीत. आयएएस १६ प्रमाणे ते इतर सर्वसमावेशक उत्पन्नात दाखवून भांडवलाखाली 'पुनर्मूल्यांकन वाढावा' म्हणून ठेवले जातात (कराचा परिणाम इथे बाजूला ठेवला आहे). त्यामुळे एकूण सर्वसमावेशक उत्पन्न १,३०० होतं, पण नफा ९०० च राहतो. 'वाढावा म्हणजे नफाच' असं धरून १,३०० ला नफा म्हटलं, तर निव्वळ मार्जिन एकदम ९ वरून १३ टक्के होतं. एक नग जास्त खपलेला नाही, फक्त मूल्यांककाचा अहवाल आलेला आहे.

पुढे तीच जमीन १,०५० ला विकली तर काय होतं ते पाहा. बहुतेकांना वाटतं की आता ४५० नफा दिसेल, कारण घेतली ६०० ला. नफातोटा पत्रकात येतात फक्त ५०, कारण पुस्तकी मूल्य १,००० होतं. राहिलेले ४०० वाढाव्याच्या खात्यातून सरळ राखून ठेवलेल्या नफ्यात वर्ग करता येतात. दोन्ही खाती भांडवलातलीच आहेत, नफातोटा पत्रकाला ती रक्कम कधीही स्पर्श करत नाही. 'पुनर्मूल्यांकन वाढावा यंदा नफ्यात वळवला' असं वाक्य दिसलं तर समजा की एकतर नोंद चुकली आहे किंवा वाक्य. विक्रीपूर्वी तर या ४०० मागे रोकड मुळीच नसते आणि असा न वसूल झालेला लाभ लाभांश म्हणून वाटायला अनेक देशांच्या कंपनी कायद्यांत बंदी आहे. (एक अपवाद लक्षात ठेवा: त्याच जमिनीचं मूल्य पूर्वी घटून तोटा नफातोटा पत्रकात गेला असेल, तर तेवढ्यापुरती वाढ पत्रकातच परत येते.)

हा घोळ जुना आहे. पूर्वी राखून ठेवलेल्या नफ्यालाही वाढावाच म्हणत. अमेरिकेतल्या लेखापालांच्या संस्थेने १९४९ साली ताळेबंदात 'सरप्लस' हा शब्द वापरणं थांबवा अशी शिफारस केली. शब्द वाचून लोकांना वाटायचं की गरजेपेक्षा जास्त, सहज वाटून टाकता येईल असं काहीतरी कंपनीकडे पडून आहे. प्रत्यक्षात त्या रकमेची कधीच यंत्रं आणि साठा झालेला असायचा.

दुसरं ठिकाण म्हणजे ना-नफा संस्था आणि सरकारी खाती. तिथे उत्पन्न-खर्च पत्रकातल्या फरकाला वाढावा किंवा तूट म्हणतात. सार्वजनिक क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही हीच नावं आहेत. नफा म्हणत नाहीत, कारण तो घ्यायला मालक नाही. हे फक्त औपचारिक वाटेल, म्हणून इथेही आकडे मांडू.

एका संस्थेचं सर्वसाधारण उत्पन्न ६०० आणि खर्च ५६०. त्याच वर्षी इमारतीसाठी म्हणून ३५० चं अनुदान आलं. संस्थेच्या धोरणाप्रमाणे अनुदान आलं त्याच वर्षी उत्पन्नात धरलं, तर उत्पन्न ९५० आणि वाढावा ३९०. कोणी याला नफा म्हटलं की पाठोपाठ मार्जिनही निघतं: ४१ टक्के. देणगीदार विचारतात, एवढं उरतंय तर आम्ही कशाला द्यायचं? पण ३९० पैकी ३५० इमारतीशिवाय कशावरही खर्च करता येत नाहीत. संस्थेच्या हातात मोकळे फक्त ४० आहेत.

दुसऱ्या वर्षी इमारत उभी राहून वापरात आली. अनुदान नाही. उत्पन्न ६३०, नेहमीचा खर्च ६०० आणि इमारतीचा घसारा पंचवीस वर्षांच्या हिशेबाने १४. वाढावा १६. ३९० वरून १६! नफ्याची भाषा वापरली तर ही शहाण्णव टक्के कोसळण आहे आणि संचालकांचा राजीनामा मागावा लागेल. घडलं काहीच नाही, ठरल्याप्रमाणे इमारत झाली.

आता तीच संस्था अनुदान पुढे ढकललेलं उत्पन्न म्हणून ठेवते आणि इमारतीच्या आयुष्यभर दरवर्षी १४ असं उत्पन्नात आणते असं समजा. सरकारी अनुदानांसाठी आयएएस २० मध्ये ही पद्धत आहे. पहिल्या वर्षी वाढावा ४०, दुसऱ्या वर्षी ३०. पैसे तेच, इमारत तीच, तरी एका पद्धतीत ३९० आणि १६, दुसरीत ४० आणि ३०. म्हणून वाढाव्याचा आकडा देताना दोन गोष्टी सोबत द्याव्याच लागतात: त्यातला विशिष्ट कामासाठी बांधलेला भाग किती आणि अनुदान केव्हा उत्पन्नात धरलं. कंपनीच्या नफ्याला यातलं कुणी विचारत नाही, म्हणून 'नफा' लिहिलं की हे दोन प्रश्नच वाचणाऱ्याच्या मनात येत नाहीत.

विम्यात तर अमेरिकेतल्या नियामकांच्या हिशेबपद्धतीत 'पॉलिसीधारकांचा सरप्लस' म्हणजे नियामकांनी मान्य केलेल्या मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम, एका तारखेची. वर्षभरात काय उरलं याच्याशी तिचा थेट संबंध नाही. तिला वर्षाचा नफा समजून महसुलाने भागणारे दिसतात.

मसुदा दुरुस्त करायला बसाल तेव्हा शैलीकडे पाहू नका. चारही शब्द फाइलमध्ये एकेक करून शोधा आणि प्रत्येकाच्या समासात पत्रकातल्या ओळीचं किंवा टिपेचं नाव लिहा. ओळ सापडली नाही तर तो शब्द तिथे चुकलेला आहे. सापडली तर पत्रकात त्या ओळीला जे नाव आहे तेच मजकुरात घाला, पुनरुक्ती कितीही खटको. टक्का असेल तर अंश आणि छेद दोन्ही लिहा. ईपीएस असेल तर टिपेतल्या जुळणीत निव्वळ नफ्यापासून कमाईपर्यंतची वजाबाकी दिसते का ते पाहा. आपल्या उदाहरणात ती ९००, ५०, ७० आणि ७८० अशी उतरायला हवी. मग मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवा: तेव्हा 'कार्यकारी नफा' ज्या ओळीला म्हटलं होतं, ती यंदा दुसरी असेल, तर मागच्या वर्षीचा आकडाही नव्या मांडणीत पुन्हा काढून बदलाची टीप द्यावी लागेल. तपासणाऱ्यांची दुसऱ्या फेरीतली खूण बहुधा तिथेच पडते.